तुमचा ईमेल फुटलेल्या यादीत सापडला. आता नेमकं काय बदलायचं?

परीक्षेचा पेपर फुटतो तसाच कंपन्यांकडचा डेटाही फुटतो. फरक एवढाच की पेपर फुटला तर परीक्षा पुन्हा घेता येते, पण बाहेर गेलेली यादी कुणालाच परत गोळा करता येत नाही. ती विकली जाते, मग फुकट वाटली जाते आणि दहा वर्षांनीही कुणाच्या तरी हार्डडिस्कवर असते. त्यामुळे आपला पत्ता अशा यादीत आहे का, हे बघणं दोन मिनिटांचं काम असलं तरी त्यानंतर काय बदलायचं आणि काय बदलायची गरज नाही, हे ठरवायला जरा डोकं लागतं. बरेच जण घाबरून चुकीच्या गोष्टी बदलतात आणि खरी भोकं तशीच राहतात.

बघायची जागा म्हणजे `haveibeenpwned.com`. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने डिसेंबर २०१३ मध्ये ती सुरू केली. नावातला विचित्र शब्द गेमर मंडळींच्या बोलीतला आहे, `owned` चं मुद्दाम बिघडवलेलं स्पेलिंग. अर्थ साधारण ‘तुमची विकेट गेली का?’ असा. वेगवेगळ्या कंपन्यांचा फुटलेला डेटा बाहेर आला की त्यातले ईमेल पत्ते इथे शोधण्यासाठी चढवले जातात. तुम्ही पत्ता टाकता आणि तो कोणकोणत्या यादीत आहे ते दिसतं. शोध फुकट आहे, आणि ईमेल तपासताना तुमचा पासवर्ड कधीच विचारला जात नाही. स्पेलिंग अवघड असल्यामुळे सर्चमधून भलत्याच साइटवर जाण्याचा धोका असतो. ‘ईमेल आणि सध्याचा पासवर्ड टाका, आम्ही तपासून देतो’ असं म्हणणारं पान दिसलं तर ते लगेच बंद करा.

पत्ता टाकताना एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. जीमेल स्वतः टिंबांकडे दुर्लक्ष करतं. `@` च्या आधी `goa.masale` लिहिलं काय किंवा `goamasale` लिहिलं काय, पत्र एकाच इनबॉक्समध्ये येतं. पण फुटलेल्या यादीत पत्ता त्या साइटवर नोंदवताना जसा लिहिला होता तसाच असतो, आणि शोधही तसाच होतो. म्हणून कधी टिंब देऊन तर कधी न देता नोंदणी करत आला असाल तर दोन्ही रूपं तपासा. कॉलेजचा जुना याहू किंवा रेडिफचा पत्ताही बघा. तो आता उघडत नसलात तरी त्यावर उघडलेली खाती अजून जिवंत असू शकतात.

चार ओळी, चार वेगळे अर्थ

एक उदाहरण घेऊ. समजा, पेडणे तालुक्यात मांद्र्याला एक बाई दोन खोल्यांचं होमस्टे चालवतात. पुण्यात नोकरी करत होत्या तेव्हापासून त्यांचा जीमेलचा एकच पत्ता आहे. बुकिंगच्या साइट, वीजबिल, बँक, इन्स्टाग्राम, मुलाची शाळा, सगळं त्याच पत्त्यावर येतं. त्यांनी पत्ता तपासला आणि चार नावं आली: लिंक्डइन, कॅनव्हा, बिगबास्केट आणि डॉमिनोज इंडिया.

‘चार ठिकाणी हॅक झालो’ असं वाटून पोटात गोळा येतो. पण या चारपैकी एकही ओळ असं सांगत नाही की त्यांच्या जीमेलमध्ये कुणी शिरलंय. ती एवढंच सांगते की त्या कंपनीकडे असलेली तुमची नोंद बाहेर गेली. काय बाहेर गेलं ते प्रत्येक ओळीखाली `Compromised data` या शीर्षकापुढे लिहिलेलं असतं. वाचायचं असतं ते हेच, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही.

सगळ्यांत शेवटच्या, म्हणजे डॉमिनोज इंडियाच्या ओळीपासून सुरुवात करू. ही चोरी २०२१ ची, सुमारे सव्वादोन कोटी ईमेल पत्त्यांची. त्यात नावं होती, फोन नंबर, घरचे पत्ते आणि काय-काय मागवलं त्याच्या नोंदी होत्या. पासवर्ड मात्र नव्हते. म्हणजे या ओळीसाठी पासवर्ड बदलून काहीच साधत नाही. इथे धोका फोनवरून येतो, त्याबद्दल पुढे बोलू.

बिगबास्केटची ओळ ऑक्टोबर २०२० ची आहे. दोन कोटींहून जास्त ग्राहकांच्या नोंदी आधी विकल्या गेल्या आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये उघड्यावर आल्या. नाव, फोन, पत्ता तर होताच, शिवाय जन्मतारीख आणि पासवर्डचे हॅश होते. हॅश म्हणजे पासवर्डचा अंगठा समजा. अंगठ्याच्या ठशावरून माणूस उभा करता येत नाही, पण समोर माणूस असेल तर ठसा जुळतो का ते बघता येतं. चोर तेच करतो. तो लाखो नेहमीचे पासवर्ड घेतो, प्रत्येकाचा ठसा काढतो आणि यादीशी जुळवून बघतो. हे किती लवकर जमेल ते ठसा काढायच्या पद्धतीवर अवलंबून असतं. बिगबास्केटचे हॅश एसएचए-१ वर आधारलेले होते. ती जुनी आणि वेगवान पद्धत आहे, आणि या कामात वेग चोराच्या फायद्याचा असतो.

कॅनव्हा मे २०१९ मध्ये फुटलं, तेरा कोटी सत्तर लाख खाती. इथे पासवर्ड बीक्रिप्ट नावाच्या पद्धतीने ठेवलेले होते. ही पद्धत मुद्दामच हळू चालते, म्हणजे लाखो पासवर्ड आजमावायला चोराला फार वेळ लागावा. पासवर्ड लांब आणि वेडावाकडा असेल तर तो इथे बहुधा शाबूत राहतो. `goa123` असेल तर कुठलीच पद्धत त्याला वाचवत नाही. आणखी एक पदर असा की ज्यांनी ‘गूगलने लॉगिन’ वापरून कॅनव्हा उघडलं होतं त्यांचा पासवर्ड कॅनव्हाकडे नव्हताच, मग चोरीला काय जाणार? आपल्या बाईंनी तसंच केलं होतं, त्यामुळे ही ओळ त्यांच्यापुरती मिटली. पण त्या खात्याची किल्ली जीमेल आहे, हे मनात नोंदवून ठेवा.

राहिली लिंक्डइनची ओळ. सर्वांत जुनी, पण उदाहरणातल्या बाईंसाठी सर्वांत वाईट हीच. चोरी २०१२ मधली, पण साडेसोळा कोटींच्या आसपास खात्यांचा तो ढीग विक्रीला आला मे २०१६ मध्ये. चार वर्षं कुणाला पूर्ण अंदाज नव्हता. म्हणून साइटवर चोरी झाल्याची तारीख आणि यादी चढवल्याची तारीख अशा दोन वेगळ्या तारखा असतात; तुमचा पासवर्ड तेव्हा कोणता होता हे आठवताना पहिली धरायची. लिंक्डइनचे हॅश एसएचए-१ चे होतेच, शिवाय त्यांत सॉल्टही नव्हतं. सॉल्ट म्हणजे ठसा काढण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये मिसळलेली वेगळी चिमूट. ती नसली की एकच पासवर्ड ठेवणाऱ्या सगळ्यांचा ठसा एकसारखा निघतो, आणि एक फुटला की त्या पासवर्डवाले सगळे फुटतात. त्या ढिगातले बहुतेक पासवर्ड थोड्याच दिवसांत उघडे पडले.

बाईंचा तेव्हाचा पासवर्ड होता `Mandovi@12`. लिंक्डइनचं खातं त्यांनी कधीच बंद केलं. मग घाबरायचं कारण काय? कारण तोच पासवर्ड आज त्यांच्या एका बुकिंग साइटवर आहे, आणि जीमेलवर आहे `Mandovi@24`.

चोर लिंक्डइनवर जातच नाही

फुटलेल्या यादीतली ईमेल-पासवर्डची जोडी घेऊन चोर त्याच साइटवर परत जात नाही. तिथे बहुधा पासवर्ड बदललेला असतो. तो ती जोडी यंत्राला देतो, आणि यंत्र ती शेकडो दुसऱ्या साइटवर लावून बघतं. दहा हजारांतल्या दहा जोड्या लागल्या तरी त्याचं भागतं, कारण मेहनत यंत्राची असते. शेवटचा आकडा बदलून नवा पासवर्ड करायची आपली सवयही त्याला ठाऊक असते. `12` चा `24`, `@` चा `#`, शेवटी एक उद्गारचिन्ह, असे फेरफार आजमावणारे नियम या यंत्रांत तयारच असतात. म्हणून `Mandovi@24` हा नवा पासवर्ड नाही, जुन्याचाच सख्खा भाऊ आहे.

तेव्हा बदलण्याची यादी करताना ‘कुठल्या साइट फुटल्या’ असं विचारू नका. ‘फुटलेला पासवर्ड आणि त्याचे भाऊबंद आज कुठे-कुठे आहेत’ असं विचारा. क्रोममध्ये पासवर्ड साठवत असाल तर `passwords.google.com` वर `Checkup` आहे. ते फुटलेले, पुन्हापुन्हा वापरलेले आणि कमकुवत पासवर्ड वेगळे काढून दाखवतं. साठवत नसाल तर कागद घ्या आणि आठवा, दुसरा इलाज नाही.

एखादा विशिष्ट पासवर्ड फुटलेल्यांत आहे का, हेही तपासता येतं. त्याच साइटवर `Pwned Passwords` नावाचा वेगळा विभाग आहे. इथे मात्र पासवर्डच टाकायचा असतो, म्हणून कुणालाही शंका यावी. आताच तर म्हटलं की पासवर्ड मागणारं पान बंद करा! इथे तो ईमेलशिवाय, एकटाच टाकायचा असतो, आणि तुमच्या ब्राउझरबाहेर जातच नाही. आत काय घडतं ते `password` या जगातल्या अतिसामान्य पासवर्डवर बघू. ब्राउझर त्याचा एसएचए-१ ठसा काढतो:

```
5BAA61E4C9B93F3F0682250B6CF8331B7EE68FD8
```

या चाळीस अक्षरांतली पहिली पाच, `5BAA6`, एवढीच पुढे पाठवली जातात. उत्तरादाखल त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या फुटलेल्या ठशांच्या उरलेल्या पस्तीस अक्षरांची मोठी यादी येते, आणि तुमचा ठसा तीत आहे का ते तुमचाच ब्राउझर बघतो. हे स्वतः पडताळायचं असेल तर हा पत्ता उघडा:

```
https://api.pwnedpasswords.com/range/5BAA6
```

मग पानावर `1E4C9B93` शोधा. त्या ओळीत पुढे विसर्गचिन्हानंतरचा आकडा म्हणजे तो पासवर्ड फुटलेल्या डेटात किती वेळा दिसला. साइटला कळतं ते इतकंच की कुणीतरी `5BAA6` विचारलं, आणि त्या पाच अक्षरांचे शेकडो पासवर्ड असतात. तरीही मनाला पटत नसेल तर सध्या वापरात असलेला पासवर्ड टाकू नका, आधी बदला आणि मग जुना टाकून बघा. तेवढा संशय या कामात असावाच.

पहिलं कुलूप जीमेलचं

बाईंच्या यादीत आता सात खाती आली. बँकेपासून सुरुवात करावीशी वाटते, पण आधी जीमेल. कारण प्रत्येक साइटवरच्या ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्याचं पत्र तिथेच येतं. जीमेल दुसऱ्याच्या हातात असताना बाकीचे पासवर्ड बदलणं म्हणजे नवीन कुलपाची किल्ली जुन्याच खिळ्याला टांगणं.

पासवर्ड बदलणं ही फक्त पहिली पायरी. `myaccount.google.com` वर सुरक्षेच्या विभागात जाऊन तो बदलला की बहुतेक उपकरणांवरून खातं आपोआप बाहेर पडतं. तरी तिथेच उपकरणांची यादी बघा आणि न ओळखीचा फोन किंवा संगणक दिसला तर हाकला. ‘कोची’ किंवा ‘मुंबई’ दिसलं म्हणून मात्र लगेच दचकू नका. मोबाइल डेटावर असताना ठिकाण इंटरनेट कंपनीच्या यंत्रणेवरून अंदाजाने लावलेलं असतं, त्यामुळे मांद्र्यातला फोन भलत्याच शहरात दिसू शकतो. उपकरणाचं मॉडेल आणि शेवटच्या वापराची वेळ जुळते का ते बघा.

यानंतर रिकव्हरीचा फोन आणि रिकव्हरीचा ईमेल. बाईंचा रिकव्हरी नंबर पुण्यातल्या दिवसांतला, बंद पडलेला. हा छोटा निष्काळजीपणा नाही. भारतात बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे आज तो नंबर ज्याच्याकडे असेल त्या अनोळखी माणसाच्या फोनवर तुमच्या जीमेलचा कोड जाईल. रिकव्हरी ईमेलसाठीही हेच. तो जुना रेडिफचा असेल आणि त्यावर `Mandovi@12` असेल, तर पुढचं दार बंद करून मागचं उघडं ठेवल्यासारखं झालं.

आता पायरी येते ती, जी बहुतेक जण गाळतात. आत शिरलेला हुशार चोर पासवर्ड बदलत नाही, कारण तसं केलं तर तुम्हाला कळेल. तो एक फिल्टर लावून निघून जातो. उदाहरणार्थ, ‘ज्या पत्रात `booking` किंवा `payment` हा शब्द आहे ते अमुक पत्त्यावर पाठव आणि इनबॉक्समधून काढून टाक’. तुम्ही पासवर्ड दहा वेळा बदला, फिल्टर आपलं काम करतच राहतो. फोनवरच्या जीमेल अ‍ॅपमध्ये हे फिल्टर दिसत नाहीत, म्हणून संगणकावर `mail.google.com` उघडा. संगणक नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ निवडून बघा. वर उजवीकडे दातेरी चाक, मग `See all settings`. त्यात तीन टॅब बघायचे. `Filters and Blocked Addresses` मध्ये तुम्ही न लावलेला फिल्टर आहे का? `Forwarding and POP/IMAP` मध्ये अनोळखी पत्ता आहे का? आणि `Accounts and Import` मध्ये आणखी कुणाला खातं वापरायची मुभा दिलेली आहे का? इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे `Details` असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं; त्यावर टिचकी मारली की अलीकडे खातं कुठून, ब्राउझरने की दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने उघडलं, ते दिसतं.

खात्याशी जोडलेल्या बाहेरच्या अ‍ॅपची यादीही सुरक्षेच्याच विभागात असते. परवानगी दिलेलं अ‍ॅप पासवर्ड बदलल्यावरही जोडलेलं राहू शकतं. दोन वर्षांपूर्वी एकदा वापरलेलं ‘फुकट पीडीएफ’ अ‍ॅप तुमची पत्रं वाचत असेल तर त्याला तिथूनच निरोप द्यावा लागतो.

शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणारी सोय. फोनच्या लॉकने उघडणारी पासकी किंवा सतत बदलणारा कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप हे एसएमएसपेक्षा चांगलं, कारण एसएमएस तुमच्या नंबरावर येतो आणि सिम फसवून दुसऱ्याच्या नावावर काढता येतं. पण ज्यांना अ‍ॅप जमत नाही त्यांनी एसएमएस तरी चालू करावा. काहीच नसण्यापेक्षा तो खूपच बरा. यात एक खरी अडचण येते. फोन समुद्रात पडला किंवा चोरीला गेला की तुम्हीच बाहेर राहता. त्यासाठी गूगल आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून घरातल्या कपाटात ठेवा. फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवून काय उपयोग, फोनच तर हरवलाय!

मग बाकीचे

जीमेल पक्कं झालं की पैशाची आणि व्यवसायाची खाती. होमस्टेवाल्यांना बँकेपेक्षाही बुकिंग साइटचं खातं जास्त नाजूक. तिथे शिरलेला माणूस पैसे कुठल्या बँक खात्यात जमा व्हावेत ते बदलू शकतो, किंवा येणाऱ्या पाहुण्यांना तुमच्याच नावाने संदेश पाठवतो, ‘बुकिंग पक्कं करायला या दुव्यावर कार्ड टाका’. पाहुणा तुमच्यावर विश्वास ठेवून पैसे भरतो आणि मग दाराशी येऊन भांडतो. म्हणून पासवर्ड बदलल्यावर तिथला बँक खात्याचा नंबर आणि कर्मचाऱ्यांची जोडलेली खाती दोन्ही तपासा. मागच्या हंगामात कामाला असलेल्या मुलाचं लॉगिन अजून चालू असतं, हे तर नेहमीचंच.

यूपीआयचा पिन या भानगडीत येत नाही. तो तुमच्या बँकेकडे असतो, पिझ्झावाल्याकडे नाही. तोच आकडा दुसऱ्या कुठे पासवर्ड म्हणून वापरला असेल किंवा जन्मसाल असेल, तरच बदला.

नवा पासवर्ड कसा असावा यावर फार डोकं खाजवू नका. पासवर्ड तयार करून साठवणाऱ्या अ‍ॅपला, म्हणजे पासवर्ड मॅनेजरला, ते करू द्या. लक्षात ठेवावा लागेल असा एखाददुसराच, जीमेलचा आणि मॅनेजरचा. त्यासाठी एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच शब्द घ्या, `sungat-dindi-kulagar-78-pavsali` असे. (हा छापला गेला, तेव्हा हा नको.) गाव, मुलाचं नाव, मोबाइल नंबर, देवस्थान यांतलं काहीही नको, फुटलेल्या यादीत तुमचा पत्ता आणि जन्मतारीख आधीच आहेत. वहीत लिहून ठेवायला तज्ज्ञ नाकं मुरडतात, पण घरातल्या कपाटातली वही रशियातला चोर वाचू शकत नाही. रिसेप्शनच्या टेबलावरची वही मात्र कुणीही वाचतं.

यादीत ‘स्टीलर’ शब्द असेल तर

वर सांगितलेला सगळा क्रम एका बाबतीत उलटा होतो. काही नोंदी एखाद्या कंपनीच्या नसतात; त्यांच्या वर्णनात `stealer logs` असा शब्द असतो. याचा अर्थ चोरी कंपनीकडून झालेली नाही, कुणाच्या तरी संगणकावर बसलेल्या व्हायरसने ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकी उचलल्या. बहुधा तुमच्याच, किंवा तुम्ही लॉगिन केलेल्या सायबर कॅफेच्या संगणकावरून. फुकटात उतरवलेलं सॉफ्टवेअर किंवा गेमचा क्रॅक हे त्याचं नेहमीचं दार. त्या संगणकावर बसून नवीन पासवर्ड टाकला की तोही त्याच क्षणी जातो. म्हणून आधी दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून, म्हणजे अपडेट असलेल्या फोनवरून पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, आणि तो संगणक फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकेपर्यंत त्यावर कुठेच लॉगिन करू नका. नुसतं अँटिव्हायरस फिरवून निभावेल याची खात्री देता येत नाही. कुकी चोरीला गेली असेल तर दोन टप्प्यांची पडताळणीसुद्धा आड येत नाही, कारण कुकी म्हणजे ‘हा आधीच आत आलेला माणूस’ अशी चिठ्ठी असते. ती रद्द होते ती लॉगआउटनेच.

जे बदलता येत नाही

फोन नंबर, घरचा पत्ता, जन्मतारीख फुटली तर ती फुटलीच. तिचा वापर आवाजात येतो. फोनवरचा माणूस तुमचं नाव, वाड्याचं नाव, मागच्या ऑर्डरची तारीख बरोबर सांगतो आणि मग म्हणतो की वीजबिल थकलंय, आज रात्री जोडणी तोडणार, हे अ‍ॅप टाका. माहिती खरी आहे म्हणून माणूस खरा ठरत नाही. ती माहिती आता बाजारात आहे. फोन ठेवा आणि बिलावर छापलेल्या नंबरावर स्वतः करा.

दुसरा प्रकार ईमेलचा. विषयाच्या जागी तुमचा जुना पासवर्ड, `Mandovi@12`, आणि खाली धमकी, ‘तुमच्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ काढलाय, बिटकॉइन पाठवा’. माणूस हबकतो, कारण पासवर्ड खरा असतो. पण तो कॅमेऱ्यातून आलेला नाही, लिंक्डइनसारख्या जुन्या यादीतून उचललेला आहे आणि तेच पत्र लाखोंना गेलेलं असतं. पैसे पाठवायचे नाहीत, उत्तरही द्यायचं नाही. तो पासवर्ड आज कुठे चालू असेल तर तेवढा बदला. आणि खरोखर पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून चौकी उघडायची वाट बघत बसू नका.

शोधात एकही नाव आलं नाही तर? त्याचा अर्थ या साइटकडे असलेल्या याद्यांत तुमचा पत्ता नाही, इतकाच. जी चोरी अजून बाहेर आलीच नाही ती इथे दिसणार कशी? शिवाय डेटिंगसारख्या काही संवेदनशील साइटच्या याद्या उघड्या शोधात मुद्दाम दाखवत नाहीत, नाहीतर शेजाऱ्याने तुमचा पत्ता टाकून बघितला असता. त्या बघायच्या तर पत्ता तुमचाच आहे हे ईमेलवर आलेल्या दुव्याने सिद्ध करावं लागतं. त्यासाठी साइटवर `Notify me` आहे. तिथे एकदा नोंदणी केली की नव्या यादीत तुमचा पत्ता आला तर पत्र येतं, दर महिन्याला जाऊन शोधत बसावं लागत नाही. ते पत्र आलं की त्यातल्या दुव्यावर टिचकी न मारता साइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि आधी `Compromised data` ची ओळ वाचा.